बलागा (अरबी साहित्यशास्त्र)

बलागा हे अरबी भाषेतील वक्तृत्वाचे व साहित्याचे शास्त्र होय. प्रसंगाला अनुरूप असे बोलणे, अशी त्याची रूढ व्याख्या आहे. त्याच्या तीन शाखा मानल्या जातात: मआनी (अर्थ), बयान (स्पष्टता) आणि बदीअ (अलंकरण). या शास्त्राची वाढ मुख्यतः कुराणाच्या भाष्यकारांच्या गरजेतून झाली. त्यांच्यासमोर दोन प्रश्न होते. कुराणाची भाषा अननुकरणीय आहे हा सिद्धान्त (इअजाज) कशाच्या आधारे सिद्ध करायचा, आणि एखादे वचन शब्दशः घ्यावे की लाक्षणिक, हे कसे ठरवायचे?

मआनी

वाक्याची रचना बदलली की अर्थ कसा बदलतो, याचा विचार मआनी ही शाखा करते. व्याकरण वाक्य शुद्ध आहे की नाही एवढेच सांगते. दोन शुद्ध वाक्यांपैकी नेमके एकच का वापरले गेले, हा प्रश्न मआनीचा आहे.

अब्द अल्-काहिर अल्-जुर्जानी (मृत्यू इ.स. १०७८) याने ‘दलाइल अल्-इअजाज’ या ग्रंथात एक प्रसंग नोंदवला आहे. अरबीत निरर्थक शब्दांची भरताड आहे, अशी तक्रार तत्त्वज्ञ अल्-किंदी याने अबू अल्-अब्बास या व्याकरणकाराकडे केली. ‘अब्दुल्ला उभा आहे’ हे विधान अरब लोक तीन प्रकारे करतात: साधेपणाने, ‘इन्ना’ हा निश्चयवाचक शब्द लावून, आणि त्यात आणखी ‘ल’ची भर घालून. अर्थ मात्र एकच, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर व्याकरणकाराने उत्तर दिले की अर्थ तीन आहेत. पहिले वाक्य केवळ माहिती देते, दुसरे विचारणाऱ्याला उत्तर देते आणि तिसरे नाकारणाऱ्याला.

भाष्यकारांना याचा थेट उपयोग झाला. या-सीन या अध्यायात एका नगरात आलेले प्रेषित आपली ओळख दोनदा सांगतात. पहिल्यांदा (३६:१४) ते केवळ ‘इन्ना’ वापरतात. नगरवासी त्यांना खोटे ठरवतात, तेव्हा दुसऱ्यांदा (३६:१६) ‘इन्ना’सोबत ‘ल’ येतो आणि ईश्वराच्या ज्ञानाची ग्वाहीही दिली जाते. वरवर पुनरुक्ती वाटणारे हे वचन म्हणजे ऐकणाऱ्यांच्या वाढत्या विरोधाला दिलेले उत्तर ठरते.

बयान

एकच आशय कमीअधिक स्पष्टतेच्या निरनिराळ्या मार्गांनी कसा मांडता येतो, हा बयानचा विषय. तशबीह (उपमा), मजाज (लाक्षणिक प्रयोग), त्याचाच एक प्रकार असलेला इस्तिआरा (रूपकाच्या जवळचा) आणि किनाया (सूचित अर्थ) हे त्यात येतात.

मआनी आणि बयान प्रत्यक्षात वेगळे करता येत नाहीत, हे जुर्जानीने मरियम या अध्यायातील जकरिया यांच्या प्रार्थनेवरून (१९:४) दाखवले. तेथे केस पिकण्याला आगीचे रूप दिले आहे. लोक सारे सौंदर्य या रूपकाला देतात. जुर्जानीच्या मते श्रेय वाक्यरचनेचेही आहे, कारण पेटण्याची क्रिया पांढऱ्या केसांना न जोडता थेट डोक्याला जोडली आहे. ‘घरात आग पेटली’ म्हटले तर ती एखाद्या कोपऱ्यातही असू शकते. ‘घर आगीने पेटले’ म्हटले की सगळे घर वेढले जाते. तसाच येथे पांढरेपणा डोकेभर पसरतो.

खरा वाद मजाजवरून झाला. ईश्वराच्या ‘हातां’चा उल्लेख असलेल्या वचनात (५:६४) अल्-जमख्शरी (मृत्यू इ.स. ११४४) याने औदार्याचा लाक्षणिक अर्थ पाहिला. तो मुअतझिला पंथाचा होता, आणि ईश्वराला शरीर नाही हे त्या पंथाचे ठाम मत होते. ‘अल्-कश्शाफ’ या आपल्या भाष्याच्या प्रस्तावनेत त्याने मआनी व बयान ही भाष्यकाराची खास शास्त्रे म्हटली आहेत. उलट इब्न तैमिया (मृत्यू इ.स. १३२८) याने शब्दशः आणि लाक्षणिक ही विभागणीच नाकारली. लाक्षणिक अर्थासाठी संदर्भात पुरावा (करीना) हवा, हा नियम बयानने दिला. परंतु पुरावा कशाला म्हणायचे, हे पुष्कळदा भाष्यकाराचा पंथच ठरवी.

बदीअ

बदीअमध्ये शब्दांचे व अर्थाचे अलंकार येतात. या विषयावरील पहिला स्वतंत्र ग्रंथ नवव्या शतकात अब्बासी राजपुत्र इब्न अल्-मुअतझ याने लिहिला. जिनास हा मराठीतील यमकासारखा अलंकार आहे. रूम या अध्यायात (३०:५५) ‘साअ’ हा शब्द एकदा कयामतीची घटका आणि एकदा साधी घटका या अर्थाने येतो. मात्र भाष्यकारांना ही शाखा सर्वांत कमी उपयोगी पडली. अल्-बाकिल्लानी (मृत्यू इ.स. १०१३) याचा आक्षेप असा की असे अलंकार सरावाने शिकता येतात, म्हणून इअजाजचा आधार ते ठरू शकत नाहीत.

त्रिविभाग

तीन शाखांची चौकट स्वतः जुर्जानीची नाही. अस्-सक्काकी (मृत्यू इ.स. १२२९) याने ‘मिफ्ताह अल्-उलूम’मध्ये त्याच्या विवेचनाला नियमांचे रूप दिले आणि अल्-कझवीनी (मृत्यू इ.स. १३३८) याने ‘तल्खीस अल्-मिफ्ताह’मध्ये आजचे त्रिविभाग रूढ केले. या संक्षेपात व्याख्या नेमक्या झाल्या, पण जुर्जानीचे उदाहरणे उलगडत जाणारे विवेचन मागे पडले. ‘तल्खीस’वर अत्-तफ्ताझानी (मृत्यू इ.स. १३९०) याने लिहिलेली ‘मुख्तसर अल्-मआनी’ ही टीका भारतातील दर्स-ए-निझामी अभ्यासक्रमाच्या मदरशांत आजही शिकवली जाते.