बडी बँक बुडत नाही!
बँक बुडाली तर कोणाचे पैसे बुडतात, हा आमचा सवाल आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातली छोटी पेन स्क्वेअर बँक बुडाली. विम्याच्या एक लाख डॉलर मर्यादेपलीकडच्या ठेवीदारांना तोटा सोसावा लागला. तिच्याकडून सुमारे शंभर कोटी डॉलरची तेल-वायू कर्जे घेतलेली शिकागोची बलाढ्य काँटिनेंटल इलिनॉय १९८४ मध्ये कोसळू लागली, तेव्हा मात्र सरकारी ठेव विमा महामंडळाने प्रत्येक ठेवीची हमी घेतली. भागधारक बुडाले, हे खरे. पण बँकेवर लक्ष ठेवू शकणारे बडे ठेवीदार सुटले. त्याच वर्षी नियामकाने संसदेत सूचित केले की, ११ बड्या बँका बुडू दिल्या जाणार नाहीत. मग कर्जे तपासणार कोण? ठेवीदार धोक्यासाठी जादा व्याज मागत नाही, आणि त्या स्वस्त पैशावर बँक आणखी मोठा जुगार खेळते.