चाचणी 'पॉझिटिव्ह', तरीही क्षयरोग नाही

क्षयाचे जंतू शरीरात शिरले म्हणजे क्षयरोग झालाच, असे नाही. बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्यांना जखडून ठेवते. अशी व्यक्ती आजारी नसते आणि तिच्यापासून इतरांना लागणही होत नाही. यालाच सुप्त क्षयसंसर्ग म्हणतात. अशा १०० जणांपैकी सुमारे ५ ते १० जणांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. ही भीती पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असते. त्यामुळे सरसकट सर्वांची नव्हे, तर रुग्णाच्या घरातील माणसांची, एचआयव्हीबाधितांची, तसेच डायलिसिसवर असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांची तपासणी महत्त्वाची ठरते.

उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. वडिलांच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले आहेत. घरात पत्नी, १२ वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी आहे. मुलगा दोन आठवडे खोकतो आहे. त्याला प्रतिबंधक गोळ्या लगेच देणे ही घोडचूक ठरेल. त्याला प्रत्यक्ष रोग असल्यास एकदोन औषधे अपुरी पडतात आणि जंतू त्यांना दाद देईनासे होतात. म्हणून त्याची थुंकी व एक्स-रे आधी तपासावा लागतो. मुलीला कोणतेही लक्षण नाही आणि तिचे वजनही नीट वाढते आहे. पाच वर्षांखालील अशा मुलांना चाचणीची वाट न पाहता उपचार देतात.

पत्नीलाही लक्षणे नाहीत. तिची मॅन्टू चाचणी होते. हाताच्या त्वचेत औषध टोचून ४८ ते ७२ तासांनी तेथील कडक फुगवटा मोजतात. नुसती लाली मोजत नाहीत. तो १० मिलिमीटर किंवा अधिक असल्यास संसर्ग धरतात; एचआयव्हीबाधितांत ५ मिलिमीटरही पुरेसे असतात. मात्र बीसीजी लसीमुळेही फुगवटा येऊ शकतो. 'इग्रा' ही रक्तचाचणी आणि 'सीवाय-टीबी' ही नवी त्वचाचाचणी यांत ही अडचण नाही. पण संसर्ग सुप्त आहे की रोग जडला आहे, हे यांपैकी एकही चाचणी सांगत नाही. त्यासाठी एक्स-रे हवाच.

पत्नीचा फुगवटा १४ मिलिमीटर आणि एक्स-रे निर्दोष निघाला, तर दोन मुख्य पर्याय असतात: सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड व रिफापेंटिन, असे १२ आठवडे. दुसरा मार्ग सुटसुटीत खरा. पण रिफापेंटिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव घटतो, हे तिला आधीच सांगायला हवे. वडिलांचा क्षय औषधांना दाद न देणारा असेल, तर हे दोन्ही पर्याय बाद होतात आणि तज्ज्ञ वेगळे औषध ठरवतात. दोन्ही उपचारांत यकृतावर ताण येऊ शकतो. भूक मरणे, सतत उलट्या, गडद लघवी किंवा डोळे पिवळे होणे, यांपैकी काही दिसल्यास पुढची गोळी न घेता डॉक्टरांकडे जावे. उपचार संपल्यावर चाचणी पुन्हा करण्यात अर्थ नाही, कारण त्यानंतरही ती बहुधा 'पॉझिटिव्ह'च येते.