उत्पत्तीच्या दोन कथा : वाचकासाठी प्रस्तावना

हिब्रू बायबलचे पहिले पुस्तक ‘उत्पत्ती’ वाचताना वाचक दुसऱ्याच अध्यायात अडखळतो. पहिल्या अध्यायात वनस्पती, पशुपक्षी आणि शेवटी स्त्री-पुरुष असे सारे सहा दिवसांत घडून गेलेले असते. पुढे मात्र जमीन पुन्हा ओसाड दिसते. आधी पुरुष घडतो, मग बाग, मग पशू आणि सर्वांत शेवटी स्त्री. देवाचे नावही बदलते: आधी ‘एलोहीम’, नंतर ‘याहवे एलोहीम’. दोन वेगळ्या कथांच्या या खुणांकडे १७११ मध्ये जर्मनीतल्या हिल्डेसहाइमचे पाद्री हेनिंग बेर्नहार्ड विटर यांनी लक्ष वेधले, पण त्यांचे काम दोनशे वर्षे विस्मृतीत गेले. दरम्यान आयखहॉर्न आणि वेलहाउझेन या अभ्यासकांनी हाच प्रश्न जर्मन विद्यापीठांत अभ्यासाचा विषय केला.

माणसाच्या निर्मितीची क्रियापदे शेजारी ठेवून पाहा. पहिल्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या वचनात ‘बारा’ हे क्रियापद तीनदा येते. हिब्रू बायबलमध्ये या रूपात त्याचा कर्ता नेहमी देवच असतो. माती किंवा अन्य साहित्याचा तिथे उल्लेख नाही. देवाच्या प्रतिमेनुसार नर आणि मादी एकाच वाक्यात निर्माण होतात. दुसऱ्या अध्यायात ‘यात्सार’ येते, म्हणजे कुंभार जसा घडवतो तसे घडवणे. ‘अदामा’ म्हणजे जमीन. तिच्या धुळीतून ‘आदाम’ घडतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला जातो. स्त्रीसाठी तिसरेच क्रियापद आहे: ‘बाना’, बांधणे. पुरुषाच्या बरगडीपासून तिची जणू उभारणी होते. प्रतिमेची भाषा इथे नाही.

एकट्या शब्दावर निकाल देऊ नये. ‘करणे’ या अर्थाचे ‘आसा’ दोन्ही कथांत आढळते. म्हणून शब्द, क्रम आणि देवाचे नाव या तिन्ही खुणा एकत्र पडताळाव्या लागतात. पाचव्या अध्यायाचा आरंभ पाहा: तिथे ‘बारा’, देवाचे साम्य आणि ‘नर व मादी’ हे सारे पुन्हा एकत्र येते आणि वंशावळ सुरू होते. मधली बागेची कथा बाजूला ठेवली, तर पहिल्या अध्यायाचा धागा इथे सहज जुळतो.

वेलहाउझेन यांनी पहिली कथा याजकांच्या परंपरेची आणि उत्तरकालीन मानली. बागेच्या कथेच्या काळाबद्दल आजही वाद आहे. दोन्ही कथा एकत्र आणणाऱ्या संकलकाने मात्र एकही कथा टाकली नाही. दोन्ही परंपरांना मान होता, आणि दुसरी कथा पहिलीचाच विस्तार म्हणून वाचता येत होती. शतकानुशतके ती तशीच वाचली गेली.

तेव्हा पुढची प्रकरणे वाचण्याआधी पहिला, दुसरा आणि पाचवा अध्याय एका बैठकीत वाचावा आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारावी. त्यासाठी हिब्रू येण्याची गरज नाही. मूळ शब्द आम्ही देवनागरीत दिले आहेत.