करवीरच्या वंशवृक्षातील दोन शिवाजी

करवीरकर छत्रपतींचा वंशवृक्ष मांडताना पुत्रासोबत मातेचेही नाव लिहावे. एरव्ही घोटाळा ठरलेलाच. राजाराम महाराजांचे पुत्र शिवाजीराजे ताराबाईंचे, संभाजीराजे राजसबाईंचे. म्हणजे दोघे सापत्न बंधू. १७१४ साली शिवाजीराजांना कैदेत टाकून संभाजीराजे गादीवर बसविले गेले. येथे ‘बंधूच्या पश्चात’ लिहिणे सर्वथा अयुक्त, कारण बंधू हयात होते.

संभाजीराजे १७६० मध्ये निपुत्रिक निवर्तले. राणी जिजाबाईंनी १७६२ साली खानवटकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव शिवाजी ठेविले. नामसाम्यामुळे हा ताराबाईंचाच वंशज असावा, असा भ्रम सहज होतो. वस्तुतः त्याची रेघ संभाजीराजांच्या खाली ‘दत्तक’ या शब्दासह ओढावी आणि जनक घराणे बाजूस नोंदवावे.