खिळ्यावरची चिठ्ठी : स्वयंपाकघर आणि वाढपी यांच्यातल्या भांडणाचा इतिहास

मित्रहो, आजचा विषय तसा लहान आहे. हॉटेलात दुपारी गर्दीच्या वेळी आत स्वयंपाकी आणि बाहेर वाढणारी माणसं एकमेकांवर खेकसतात. हे का होतं आणि त्यावर कोणी काय उपाय केला, एवढंच आज पाहायचं आहे. आपण शिकागोपर्यंत जाणार आहोत, पण सुरुवात लंडनपासून करावी लागेल.

1890 मध्ये ऑगस्त एस्कॉफिए हा फ्रेंच बल्लवाचार्य लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आला. त्यानं स्वयंपाकघराची कामं वाटून दिली. भाजण्याचा माणूस वेगळा, सॉसचा वेगळा, अंडी आणि भाज्यांचा वेगळा. याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे मेयरबेर नावाचा अंड्यांचा पदार्थ. एकाच माणसानं तो करायचा तर सुमारे 15 मिनिटं लागत. नव्या पद्धतीत एकानं अंडी लोण्यात शिजवायची, दुसऱ्यानं मेंढीचं मूत्रपिंड भाजायचं, तिसऱ्यानं सॉस करायचा. ताट काही मिनिटांत तयार.

आता बघा, कामं वाटली की एक नवा प्रश्न उभा राहतो. तिघांनी एकाच क्षणी सुरुवात करायची हे त्यांना सांगणार कोण? वेटरनं तिघांकडे फिरायचं ठरवलं तर गोंधळच. म्हणून वेटर आणि चुली यांच्यामध्ये एक माणूस उभा असे. वेटरची चिठ्ठी घ्यायची आणि ऑर्डर मोठ्यानं पुकारायची हे त्याचं काम. फ्रेंचमध्ये त्याला ‘आबोयर’ म्हणत, म्हणजे शब्दशः भुंकणारा! एस्कॉफिएला हा आरडाओरडा आवडत नसे. त्यानं ‘आनोन्सर’, म्हणजे घोषणा करणारा, असं नाव पसंत केलं आणि गरजेपुरताच आवाज काढायची शिस्त लावली. वेटरनं कोणाशी बोलायचं आणि स्वयंपाक्यानं कोणाचं ऐकायचं, हे यातून ठरून गेलं.

पण ही झाली मोठ्या हॉटेलाची चैन. मध्यम हॉटेलात असा माणूस नसतो. तिथं वाढणारी व्यक्ती सरळ स्वयंपाक्यासमोर जाऊन उभी राहते. नेमकं हेच दृश्य विल्यम फूट व्हाइट या समाजशास्त्रज्ञानं दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोत अभ्यासलं. युद्धामुळे बाहेर जेवणाऱ्यांची गर्दी वाढलेली आणि कामाला माणसं मिळत नव्हती. व्हाइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हॉटेलांत प्रत्यक्ष वेळ घालवून पाहिलं. 1948 मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि 1949 मध्ये एक गाजलेला लेख.

त्याचं निरीक्षण असं : कारखान्यात हुकूम वरून खाली येतो, फोरमन सांगतो आणि कामगार करतो. हॉटेलात प्रवाह उलटा आहे. ऑर्डर येते वेट्रेसकडून आणि ती पुरी करायची स्वयंपाक्यानं. स्वयंपाकी पगारानं, कौशल्यानं वरचा, बहुधा पुरुष. वेट्रेस बाई, बहुधा तरुण, आणि कामाच्या उतरंडीत खालची. तिची बरीचशी कमाई टिपवर, म्हणजे तिला घाई. त्याला मात्र ठरलेला पगार, म्हणजे गिऱ्हाईक चिडलं तरी त्याची झळ त्याला लगेच लागत नाही. ती म्हणते, ‘लवकर द्या.’ त्याच्या कानाला ते ऐकू येतं, ‘ही मला हुकूम करते!’ मग तो मुद्दाम सावकाश करतो, तिचं ताट मागे ठेवतो. ती परत बाहेर जाऊन गिऱ्हाइकाचं बोलणं खाते. अशा दुहेरी माऱ्यात वेट्रेस रडू लागतात. कोण रडतं आणि कोण रडत नाही, या प्रश्नाचा व्हाइटनं गांभीर्यानं विचार केला.

आता उपाय. एका हॉटेलात वेट्रेस चिठ्ठी लिहून ती उभ्या खिळ्यात खोचत. मध्ये ताटं गरम ठेवायचं उंच कपाट होतं, इतकं की फक्त उंच वेट्रेसनाच पलीकडचं दिसे. आतला माणूस चिठ्ठ्या उचलून ताटं कपाटात ठेवी. समोरासमोर बोलणं जवळजवळ नाहीच, आणि भांडणंही कमी. आता त्याला कोणी काही ‘सांगत’ नव्हतं. चिठ्ठी पडलेली असे आणि ती केव्हा उचलायची हे तो ठरवत असे.

1962 मध्ये इलायस पोर्टर यानं याच खिळ्यावर एक बोधकथा लिहिली. त्यात समाजशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ असे तिघे हॉटेलमालकाला सल्ला देतात. निदान प्रत्येकाचं वेगळं आणि औषध एकच : खिळा ठोका! पोर्टरचा मुद्दा असा की खिळा ही एक स्मरणशक्ती आहे. समजा साडेबाराला पाच मिनिटांत चार वेट्रेसनी नऊ ऑर्डरी तोंडी सांगितल्या. स्वयंपाक्याला त्या लक्षात ठेवाव्या लागतील, आणि ‘चॉप्स दोन होते की तीन?’ यावर वाद होईल. चिठ्ठ्या असतील तर तो नऊच्या नऊ एकदम पाहू शकतो. तीन चिठ्ठ्यांवर चॉप्स असतील तर ते एकदम तव्यावर टाकतो. चूक झालीच तर चिठ्ठी काढून बघता येतं, लिहिण्यात चुकली की करण्यात.

मग भांडण मिटलं कशानं, मान राखल्यानं की स्मरणाचा भार उतरल्यानं? तर्कानं तपासून पाहू. वेट्रेसनं बाहेरून फोनवर ऑर्डर सांगितली असं समजा. समोरासमोरची गाठ टळली. पण आकडे डोक्यातच ठेवायचे, आणि फोन वाजला की ऐकावंच लागणार. भांडण राहील. उलट, चिठ्ठी लिहिलेली आहे पण वेट्रेस शेजारी उभी राहून ‘माझी आधी’ म्हणते आहे. स्मरणाचा प्रश्न सुटला, तरी भांडण राहील. म्हणजे दोन्ही गोष्टी लागतात : ऑर्डर लिहिलेली हवी, आणि क्रम लावण्याचा अधिकार एकाच्याच हाती हवा.

खिळ्याची मर्यादाही सांगतो. उभ्या खिळ्यावर शेवटची चिठ्ठी सर्वांत वर येते, त्यामुळे आधी आलेला तळाशी दबून राहतो. म्हणून पुढे चिमटे लावलेलं फिरतं चक्र आणि चिठ्ठ्या सरकवायची पट्टी आली. दुसरं, टेबलाचा नंबर नाही किंवा अक्षर लागत नाही, अशी चिठ्ठी पुन्हा तोंडी प्रश्न निर्माण करते. आणि गिऱ्हाइकानं बेत बदलला तर जुन्या चिठ्ठीवर खाडाखोड करू नये. ती रद्द करून नवी लावावी, नाहीतर आतला माणूस आधीचंच करून बसतो. व्यवस्था बिघडल्याची खूण सोपी आहे : वेट्रेस चिठ्ठी खोचूनही आत डोकावायला लागतात. तसं दिसलं की समजावं, चिठ्ठीवरचा किंवा क्रमावरचा विश्वास उडाला आहे.

आपल्याकडच्या हॉटेलांत आज ‘केओटी’ म्हणतात तो कागद याच घराण्यातला. आता तो यंत्रातून छापून निघतो, तरी पुष्कळ ठिकाणी वेटर आत जाऊन ‘भाऊ, सात नंबरचं काय झालं?’ विचारतोच. बहुतेक वेळा त्याचं कारण एवढंच असतं की कागद आला, पण आधी कुठला करायचा हे कोणी ठरवायचं ते ठरलेलं नसतं. एस्कॉफिएनं त्या जागी एक माणूस उभा केला होता. यंत्र आल्यावर तो माणूस काढून टाकणाऱ्यांनी हे काम नेमकं कोणाकडे दिलं, हा प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो आणि थांबतो.