माहितीपत्रकातल्या तीन ओळी

गृहप्रकल्पाचं माहितीपत्रक हाती घेतलं की नजर आधी पोहण्याच्या तलावाच्या चित्रावर जाते. खरा ऐवज मात्र तीन ओळींत असतो: फ्लॅटचं क्षेत्रफळ, ताब्याची तारीख आणि सुविधांची यादी. आज एखाद्या प्रकल्पाचं जुनं ब्रोशर दुरुस्त करायला बसणाऱ्याला याच तीन ओळींवर सर्वाधिक वेळ घालवावा लागतो. त्या अशा का झाल्या आणि आता कशा लिहायच्या, हे कळायला थोडं मागं जायला हवं.

गंमत म्हणजे या कागदाचा एक पूर्वज घरबांधणीतला नाहीच. तो इंग्लंडमधल्या ट्राम कंपनीचा आहे. प्लिमथ-डेव्हनपोर्ट भागातल्या एका ट्रामवे कंपनीने 1883 च्या सुमारास भागविक्रीसाठी माहितीपत्रक काढलं आणि त्यात लिहिलं की आपल्याला वाफेवर ट्राम चालवण्याचा हक्क आहे. प्रत्यक्षात त्यासाठी सरकारच्या व्यापार मंडळाची संमती लागणार होती. ती मिळालीच नाही आणि कंपनी बुडाली. हेन्री पीक नावाच्या भागधारकाने संचालकांना कोर्टात खेचलं. 1889 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की संचालकांचा त्या विधानावर प्रामाणिक विश्वास होता, म्हणून ही फसवणूक नव्हे. पुढच्याच वर्षी, 1890 मध्ये, ब्रिटिश संसदेने कायदा करून त्या निकालाची धार बोथट केली. यापुढे नुसता विश्वास पुरणार नव्हता. विश्वास ठेवायला सबळ कारण होतं हे संचालकांनीच दाखवायचं होतं. ‘परवानगी मिळेलच’ असं धरून ‘परवानगी आहे’ लिहिण्याची सवय बिल्डरांच्या आधीची आहे, आणि तिच्यावरचा इलाजही. हा इलाज आपल्या घरांच्या कागदांपर्यंत पोचायला सव्वाशे वर्षं लागली.

त्या ट्रामच्या काळात मुंबईत घराला माहितीपत्रक लागतच नव्हतं. चाळीतली खोली भाड्याने मिळे. ती उभी असे आणि घेणारा आत जाऊन बघे. 1915 साली गावदेवीत सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली, तेव्हा घरं बांधवून घेणारे आणि राहणारे एकच होते. स्वतःलाच जाहिरात करायचं कारण नव्हतं. चित्र बदललं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधून ठेवली आणि भाड्यासाठी इमारत बांधणं आतबट्ट्याचं झालं. मग पागडी आली आणि तिच्या पाठोपाठ ‘मालकी हक्काचा फ्लॅट’. बांधणाऱ्याने पैसे आधी घ्यायचे आणि घर नंतर द्यायचं, ही रीत रुळली. घर डोळ्यांपुढे नाही म्हटल्यावर कागद आला, आणि कागदावर वाटेल ते लिहिता येऊ लागलं.

गाऱ्हाणी इतकी वाढली की नव्या महाराष्ट्र राज्याच्या पहिल्याच महिन्यात, मे 1960 मध्ये, सरकारने समिती नेमली. तिचा अहवाल जून 1961 मध्ये आला आणि 1963 साली महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. व्यवहारात सगळे त्याला ‘मोफा’ म्हणतात. ताब्याची तारीख लेखी द्या, कोणतीही आगाऊ रक्कम घेण्याआधी करारनामा करा आणि ती विक्रीकिमतीच्या 20 टक्क्यांपुढे नेऊ नका, ताबा चुकला तर पैसे व्याजासह परत करा, हे सगळं त्यात होतं. पुढे जाहिरातीत फ्लॅटचं चटई क्षेत्र आणि बाल्कनीचं क्षेत्र वेगळं दाखवण्याची तरतूदही त्यात दिसते. कायदा वाचून वाटावं की प्रश्न मिटला. पण दाद मागायची तर दिवाणी किंवा फौजदारी कोर्टाची पायरी चढावी लागे, आणि नोकरदार माणूस तेवढ्यासाठी कशाला जातो! ग्राहक न्यायालयांचं दार घरबांधणीसाठी निःसंदिग्धपणे उघडलं ते 1993 च्या दुरुस्तीनंतर.

या मधल्या काळात बाजाराने स्वतःचं माप तयार केलं. चटई क्षेत्रात भिंती, जिना, लिफ्ट, लॉबी आणि पुढेपुढे क्लबहाऊससुद्धा टक्केवारीने मिळवून जो आकडा येई, त्याला ‘सुपर बिल्टअप’ किंवा ‘सेलेबल’ म्हणत, आणि मिळवलेल्या टक्केवारीला ‘लोडिंग’. लोडिंग किती असावं याला कुठलाच नियम नव्हता. 2008 मध्ये मोफात दुरुस्ती होऊन विक्री फक्त चटई क्षेत्रावर करण्याचं बंधन आलं. मात्र त्यात बाल्कनी चटई क्षेत्रातच धरली होती. मग 2016 चा केंद्रीय स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, आला आणि 1 मे 2017 पासून तो पूर्ण लागू झाला. त्याने चटई क्षेत्राची नवी व्याख्या केली. बाहेरच्या भिंती, सेवांचे शाफ्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि गच्ची वगळायची; घरातल्या मधल्या भिंती मात्र धरायच्या. मोफा रद्द झालेला नाही, त्यामुळे दोन्ही मापं लोकांच्या बोलण्यात अजून आहेत.

आता आपण एक काल्पनिक पण नेहमीच्या घडणीचा फ्लॅट घेऊ: पुण्याच्या कडेचा दोन बेडरूमचा. जुन्या ब्रोशरमध्ये त्याचं क्षेत्रफळ ‘1050 चौ. फूट’ छापलं आहे. मंजूर नकाशा काढून वास्तुविशारदाकडून मोजून घेतलं, तर आतलं रेरा चटई क्षेत्र 58.40 चौ. मीटर, म्हणजे 629 चौ. फूट भरतं. बाल्कन्या 6.60 चौ. मीटर, म्हणजे 71 चौ. फूट. दोन्ही मिळून 700. त्यावर पन्नास टक्के लोडिंग चढवलं की 1050 झाले! एकाच फ्लॅटचे हे तीन आकडे तीन काळांचे आहेत: 1050 हा लोडिंगच्या जमान्याचा, 700 हा 2008 नंतरच्या मोफाचा आणि 629 हा आजचा. विक्री विभागातलं कुणी 700 लाच ‘कार्पेट’ म्हणत असेल, तर तो खोटं बोलतोय असं नव्हे. तो जुन्या व्याख्येत अडकला आहे. पण ब्रोशरमध्ये ते चालणार नाही. दुरुस्त ओळ अशी होते: ‘रेरा चटई क्षेत्र 58.40 चौ. मी. (629 चौ. फूट), बाल्कनी 6.60 चौ. मी. (71 चौ. फूट), वेगळी.’ बेरीज छापायची नाही, कारण छापली की तीच मोठ्या टायपात जाते. आणखी एक टीप मला आवश्यक वाटते. घेणारा माणूस खोल्यांची लांबी-रुंदी गुणून बेरीज करतो आणि ती 629 च्या खाली, साधारण 600 च्या आसपास येते. मधल्या भिंती 15 सेंटीमीटर जाडीच्या आणि एकूण 16 मीटर लांबीच्या असतील, तर तिथेच 2.4 चौ. मीटर, म्हणजे 26 चौ. फूट जातात. शिवाय खोल्यांची मापं प्लॅस्टरआधीची असतील तर दोन्ही बाजूंच्या गिलाव्याने इंचभर आणखी कमी होतं. मापं कुठून कुठवर घेतली ते लिहिलं की अर्धी भांडणं उगवतच नाहीत. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात अंतिम चटई क्षेत्रातल्या तफावतीला तीन टक्क्यांची मर्यादा आहे, तीही सांगावी.

ताब्याची ओळ त्याहून निसरडी. जुनं ब्रोशर म्हणतं, ‘ताबा डिसेंबर 2027’, आणि शेजारी एक तारांकन. हे तारांकन माझ्या मते मराठी घरखरेदीतलं सर्वांत महाग चिन्ह. रेराखाली बिल्डर प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख शपथपत्रावर देतो आणि ती महारेराच्या संकेतस्थळावर दिसते. सुरुवातीला अनेकांची समजूत अशी होती की नोंदणी करताना लांबची तारीख टाकली की जुन्या करारातली तारीख आपोआप मागे पडते. नीलकमल रिअल्टर्सच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने 6 डिसेंबर 2017 रोजी रेराची वैधता उचलून धरली आणि स्पष्ट केलं की नवी तारीख दिली म्हणून खरेदीदाराशी झालेला करार बदलत नाही. विलंबाचं व्याज करारातल्या तारखेपासूनच मोजायचं. म्हणून ब्रोशर दुरुस्त करताना संकेतस्थळावरची तारीख, करारनाम्याच्या मसुद्यातली तारीख आणि छापायची तारीख हे तीन कागद शेजारी ठेवावे लागतात. आपल्या फ्लॅटच्या बाबतीत समजा संकेतस्थळावर 30 जून 2028 आहे आणि मसुद्यात 31 डिसेंबर 2028. मग डिसेंबर 2027 ही तारीख कुठल्याच कागदावर नाही. ती विक्रीच्या बैठकीत जन्मलेली आहे. ती जाते. मसुदाही 30 जून 2028 वर आणावा आणि छापावं: ‘ताबा 30 जून 2028 पर्यंत, भोगवटा प्रमाणपत्रासह.’ शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे, कारण ‘फिट-आउटसाठी ताबा’ या नावाखाली भोगवटा प्रमाणपत्राआधीच किल्ल्या देऊन तारीख पाळल्याचा देखावा होतो. ‘सहा महिने सवलत’ हे तारांकनही काढावं. कायद्याने मुदतवाढीची कारणं युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप अशी मोजून दिली आहेत. सिमेंटचे भाव त्यात नाहीत.

सुविधांच्या यादीत इतिहास कमी आणि चलाखी जास्त. मोठे प्रकल्प टप्प्याटप्प्याने नोंदवले जातात, प्रत्येक टप्प्याचा नोंदणी क्रमांक वेगळा. पहिल्या टप्प्यातला फ्लॅट घेणाऱ्याला दाखवलेला तलाव तिसऱ्या टप्प्यात असतो, आणि तिसरा टप्पा बऱ्याचदा नोंदवलेलाच नसतो. म्हणून प्रत्येक सुविधेपुढे ती कुठल्या टप्प्यात, मंजूर नकाशात आहे का, किती आकाराची आणि कधी वापरात येणार, एवढं हवंच. 2024 मध्ये महारेराने सुविधांचा असा तपशील तारखांसह करारनाम्यात देणं बंधनकारक केलं, तेव्हा ब्रोशरला वेगळं काही बोलायला जागा उरलेली नाही. पार्किंगचंही तसंच: मोफाखाली स्टिल्टमधली जागा वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं होतं. ‘चोवीस तास पाणी’ लिहायचं तर महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं, हे लिहावं. त्यावर विक्री विभाग कुरकुरतो. कुरकुरू द्यावं.

ट्रामवे कंपनीचा वारसा रेराच्या बाराव्या कलमात पुन्हा भेटतो. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना फ्लॅट यातल्या चुकीच्या विधानावर विसंबून कुणी पैसे भरले आणि तोटा झाला, तर भरपाई द्यायची. खरेदीदाराला बाहेर पडायचं असेल तर सगळे पैसे व्याजासह परत. बिल्डरच्या मनात काय होतं याची चौकशी तिथे कुणी करत नाही. त्यामुळे दुरुस्त ब्रोशर छापून आलं तरी काम संपत नाही. नव्या प्रतीवर आवृत्तीची तारीख, नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड टाकून जुन्या प्रती साइट ऑफिसमधून आणि एजंटांकडून परत मागवाव्या लागतात. ज्यांनी 1050 आणि डिसेंबर 2027 वाचून बुकिंग केलं, त्यांना बदल लेखी कळवून निर्णयाची संधी द्यावी लागते. कारण त्यांच्यापुरतं जुनं ब्रोशर अजून चालू आहे.