१२/११/१८८०: सेनापती बापटांची जन्मतारीख कशी वाचावी?

१/ मुळशी सत्याग्रहाचे नेते पांडुरंग महादेव बापट यांची जन्मतारीख एखाद्या टिपणात १२/११/१८८० अशी आकड्यांत आढळली, तर ती १२ नोव्हेंबर की ११ डिसेंबर? भारतीय पद्धतीत दिवस आधी येतो, अमेरिकी पद्धतीत महिना. वाचन चुकले तर जयंती महिनाभर पुढे सरकते.

२/ प्रत्येक तारीख अशी संदिग्ध नसते. मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला तो दिवस १६/४/१९२१. सोळावा महिना अस्तित्वातच नसल्याने येथे १६ एप्रिल हे एकच वाचन संभवते. दोन्ही आकडे बारापर्यंतचे आणि परस्परांहून भिन्न असतील, तेव्हाच घोटाळा होतो. वर्षात असे १३२ दिवस येतात.

३/ पहिली कसोटी म्हणजे शेजारच्या तारखा. त्याच टिपणात बापटांचा मृत्युदिन २८/११/१९६७ असा असेल, तर लेखकाची पद्धत दिवस आधी लिहिण्याची आहे हे उघड होते. मात्र टिपण एकाच हातचे असले पाहिजे. अनेक ठिकाणांहून नोंदी गोळा केलेल्या यादीत प्रत्येक ओळ वेगळ्या पद्धतीची असू शकते.

४/ दुसरी कसोटी वाराची. १२ नोव्हेंबर १८८० रोजी शुक्रवार होता, ११ डिसेंबरला शनिवार. नोंदीत वार दिला असेल, तर निर्णय तत्काळ होतो. पण ही कसोटी सर्वत्र चालत नाही. ९ मे आणि ५ सप्टेंबर यांचा वार कोणत्याही वर्षी एकच असतो, तसाच ११ जुलै आणि ७ नोव्हेंबर यांचाही. तेथे वार काहीच सांगत नाही.

५/ तिसरी कसोटी पंचांगाची, आणि येथे सावध राहावे. बापटांच्या बाबतीत दोन्ही दिवस शुक्ल पक्षातच येतात. दोहोंमध्ये २९ दिवसांचे, म्हणजे जवळजवळ एका चांद्रमासाचे अंतर असल्याने तिथीही जवळपास तीच येते. त्यामुळे केवळ ‘शुद्ध पक्ष’ एवढ्या उल्लेखाने काही ठरत नाही. निर्णायक ठरतो तो मासाचा उल्लेख: नोव्हेंबरचा दिवस कार्तिकातला, डिसेंबरचा मार्गशीर्षातला. सत्याग्रहारंभाच्या तारखेला असा आधार सहज मिळतो, कारण तो दिवस रामनवमीचा होता.

६/ शेवटचा आणि सर्वांत भक्कम आधार म्हणजे महिन्याचे नाव अक्षरांत लिहिलेली स्वतंत्र नोंद. तीच तारीख एकमेकांकडून उतरवून घेतलेल्या दहा नोंदी मिळून एकच साक्ष होते, हे मात्र विसरू नये. बापटांच्या चरित्रपर नोंदी १२ नोव्हेंबर १८८०, पारनेर असे स्पष्ट शब्दांत देतात. म्हणून आपल्या टिपणातील तारीख दिवस आधी धरूनच वाचावी.

७/ टिपण उतरवून घेताना मूळ आकडे जसेच्या तसे ठेवावेत, आणि आपले वाचन चौकटी कंसात, महिना अक्षरांत लिहून द्यावे: १२/११/१८८० [१२ नोव्हेंबर]. मग पुढच्या वाचकाला मूळ काय आणि आपला निष्कर्ष काय, हे वेगळे दिसते, आणि हवे तर तो पुन्हा तपासू शकतो.